प्रबंधसाराचे भाषांतर : एका नमुन्याची चिकित्सा

पीएच. डी.चा प्रबंध मराठीत लिहिला गेला तरी त्याचा सार इंग्रजीतही द्यावा लागतो. प्रबंधाची प्रत शोधगंगा या गांधीनगर येथील इन्फ्लिबनेटच्या संग्रहात जमा होते, आणि मराठी न जाणणाऱ्या अभ्यासकाला त्या सबंध प्रबंधातून वाचता येते ते एवढे एक पानच. तीनशे पानांच्या श्रमाचा बाहेरच्या जगाशी येणारा संबंध असा एका पानावर अवलंबून असताना ते पान बहुधा शेवटच्या आठवड्यात, बांधणीवाल्याकडे जाण्यापूर्वी, घाईने उरकले जाते. त्यात भाषेच्या चुका असतात, पण त्या वाचक पोटात घालतो. ज्या चुका वाचकाच्या लक्षातच येत नाहीत आणि तरी प्रबंधाचे प्रतिपादन बदलून टाकतात, त्यांचा विचार येथे करावयाचा आहे.

चर्चेसाठी प्रस्तुत लेखकाने एक नमुना रचला आहे. तो कोणा एका विद्यार्थ्याचा नाही. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी या भागांतून आलेल्या विद्यार्थ्यांची बोलीविषयक टिपणे वाचताना वारंवार भेटणारी वाक्ये त्यात एकत्र केली आहेत. नमुना असा :

'प्रस्तुत प्रबंधात चांदा जिल्ह्यातील झाडीबोलीच्या वर्णव्यवस्थेचा अभ्यास केला आहे. या बोलीत ळ हा वर्ण नाही. त्याच्या जागी र येतो, उदाहरणार्थ डोळा, डोरा. ही व्यवस्था नागपुरी बोलीशी ताडून पाहिली आहे (ग्रियर्सन १९०५, ब्लॉक १९४१, कालेलकर १९६४).'

मराठी वाचकाला यात काही खटकण्याचे कारण नाही. विषय, प्रदेश, निष्कर्ष आणि आधार ही चारही अंगे येथे आहेत. इंग्रजीत जाताना मात्र ही चारही अंगे एकामागून एक डळमळू लागतात.

१. एक संज्ञा, तीन विधाने

प्रथम 'वर्णव्यवस्था' हा शब्द घेऊ. भाषेच्या अभ्यासकाला त्यातून बोलीतील ध्वनींची रचना अभिप्रेत आहे. परंतु हाच शब्द समाजशास्त्रात चातुर्वर्ण्यासाठी रूढ आहे, आणि कोशात पाहून भाषांतर करणाऱ्याच्या हाती तोच अर्थ प्रथम येतो. 'झाडीबोलीची वर्णव्यवस्था' याचे इंग्रजीत 'वर्ण सिस्टीम' झाले की ग्रंथालयाच्या सूचीत तो प्रबंध जातिसंस्थेच्या शेजारी जाऊन बसतो. ही चूक हास्यास्पद असल्यामुळे निदान एखाद्याच्या नजरेस पडेल. त्याच्या पुढची चूक मात्र गंभीर दिसते, म्हणून ती टिकून राहते.

'या बोलीत ळ हा वर्ण नाही' या वाक्यातील 'वर्ण' या शब्दाचे इंग्रजीत तीन पर्याय संभवतात : लेटर, साउंड आणि फोनीम. पहिला पर्याय घेतला तर विधान लिपीविषयीचे होते आणि निरर्थक ठरते. बोलीला स्वतःची लिपी नाही, आणि ती देवनागरीत लिहिणाऱ्यांना ळ हे अक्षर उपलब्ध आहेच. दुसरा पर्याय घेतला तर विधान उच्चाराविषयीचे होते : या बोलीच्या बोलण्यात मूर्धन्य पार्श्विक ध्वनी ऐकूच येत नाही. हे निरीक्षणाने तपासता येते, आणि शाळा शिकलेल्या एखाद्या भाषकाने एकदा जरी ळ उच्चारला तरी ते बाधित होते. तिसरा पर्याय घेतला तर विधान भेदकतेविषयीचे होते : केवळ ळ आणि र यांच्या फरकाने वेगळे होणारे शब्द या बोलीत नाहीत. प्रमाण मराठीत 'गळ' आणि 'गर' हे दोन शब्द एवढ्या एका ध्वनीने वेगळे राहतात. बोलीत ते दोन्ही 'गर' असे एकरूप होत असतील, तरच हे तिसरे विधान खरे. एखाद्या भाषकाच्या तोंडून पाहुण्यासमोर ळ निघाला तरी त्या विधानाला धक्का लागत नाही.

ही तीन विधाने सिद्ध करण्याची साधने वेगवेगळी आहेत आणि परीक्षक विचारील ते प्रश्नही वेगवेगळे आहेत. मराठी 'वर्ण' या शब्दाने तिन्ही एका पांघरुणाखाली झाकली होती. मराठी भाषाशास्त्राने ध्वनी, स्वन आणि स्वनिम असे शब्द वेगळे केले ते या कारणासाठी. मात्र हे शब्द सर्व लेखक एकाच अर्थाने वापरीत नाहीत. मॉर्फीमसाठी एका पुस्तकात पदिम, दुसऱ्यात रूपिका, तिसऱ्यात रूपिम असा पर्याय आढळतो. म्हणून भाषांतर करणाऱ्याने सामान्य कोशाकडे जाण्यापूर्वी प्रबंधाचे दुसरे प्रकरण उघडावे. संशोधकाने संज्ञेची व्याख्या तेथे केलेली असते आणि इंग्रजी पर्याय त्या व्याख्येवरून ठरतो. एकदा ठरलेला पर्याय शीर्षक, सार आणि सूचक शब्द या तिन्ही ठिकाणी अक्षरशः तोच राहिला पाहिजे. ललित गद्यात एकच शब्द पुन्हा पुन्हा येणे दोष मानतात. येथे साउंड आणि फोनीम आलटून पालटून वापरणे हा दोष आहे, कारण वाचक ती दोन वेगळी विधाने समजेल.

'र येतो' हे क्रियापदही निरागस नाही. त्याचे इंग्रजीत 'बदलतो' असे रूपांतर झाले की काळाची कल्पना आत शिरते : पूर्वी ळ होता, पुढे र झाला. प्रबंधात ऐतिहासिक पुरावा असेल तर हे म्हणता येईल. संशोधकाने केवळ प्रमाण मराठी आणि बोली यांची तुलना केली असेल तर 'प्रमाण मराठीत जेथे ळ आहे तेथे या बोलीत र आढळतो' एवढेच म्हणणे प्राप्त आहे. 'ळ नाही, त्याच्या जागी र' या मांडणीत प्रमाण भाषेला मापदंड मानून बोलीला काही तरी उणे असल्याचा सूर येतो. भाषांतरात हा सूर अधिकच गडद होतो, कारण परक्या वाचकासमोर त्याला तोलणारे दुसरे काहीच नसते. ज्यांची ही मातृबोली आहे त्यांच्याच हातून असे घडावे हे विशेष खेदाचे आहे.

याच वाक्यात लिप्यंतराचा एक सापळा आहे. ळ हे अक्षर रोमन लिपीत साध्या 'एल्' या अक्षराने लिहिले की ल आणि ळ यांतील भेद नाहीसा होतो, आणि प्रबंधाचा मुख्य निष्कर्ष 'या बोलीत ल नाही' असा छापला जातो. ल विषयी तर संशोधकाने काहीच म्हटलेले नाही. खाली टिंब दिलेला एल् वापरावा हे खरे, पण संस्कृतच्या रूढ रोमनीकरणात तेच चिन्ह ऌ या स्वरासाठी आहे. आय. एस. ओ. १५९१९ या पद्धतीत ते ळ साठी आहे आणि ऌ ला खाली वर्तुळ देतात. म्हणून कोणती पद्धत स्वीकारली ते एका वाक्यात सांगावे. शिवाय संगणकावरील अर्जात टिंबे गळून पडण्याची भीती असते, तेव्हा चिन्हाबरोबर 'मूर्धन्य पार्श्विक' या संज्ञेचा इंग्रजी पर्याय शब्दांत लिहावा. टिंब गळले तरी शब्द राहतो.

२. गावांची व बोलींची नावे

सूचक शब्द निवडताना संशोधक संज्ञांकडे लक्ष देतो आणि विशेषनामे आपोआप सांभाळली जातील असे धरून चालतो. आमच्या भागातील नावे याला चांगलाच धडा देतात.

नमुन्यात 'नागपुरी' हा शब्द आहे. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात, म्हणजे १९०५ च्या मराठीविषयक खंडात, नागपूरकडील मराठीला हे नाव दिले आहे. परंतु आज 'नागपुरी' या नावाने ओळखली जाणारी दुसरी एक भाषा झारखंडात, रांचीच्या परिसरात, बोलली जाते. ती सादरी या नावानेही परिचित आहे, आणि त्याच सर्वेक्षणाच्या पाचव्या खंडात तिचा विचार भोजपुरीच्या अंगाने 'नागपुरिया' या नावाखाली झाला आहे. इंग्रजी सूचक शब्दांत नुसते 'नागपुरी' लिहिले की रांचीचा अभ्यासक आमच्या प्रबंधावर येऊन निराश होतो, आणि आम्हाला हवा असलेला वाचक त्या गर्दीत आम्हाला शोधू शकत नाही. 'नागपुरी मराठी' असे दोन शब्द लिहिल्याने हा घोटाळा मिटतो.

'चांदा' या नावाची अडचण वेगळी आहे. १९०५ चा चांदा जिल्हा आणि आजचा चंद्रपूर जिल्हा एक नव्हेत, कारण १९८२ साली गडचिरोली जिल्हा त्यातून वेगळा झाला. सर्वेक्षणातील 'चांदा' याचे भाषांतर करताना सुधारणा म्हणून 'चंद्रपूर' लिहिणारा वैनगंगेपलीकडचा मोठा मुलूख नकळत वगळतो. उलट आजच्या क्षेत्रकार्याला 'चांदा' म्हणणे म्हणजे नसलेल्या जिल्ह्यात माहिती गोळा केल्याचे सांगणे होय. ज्या आधारग्रंथातील नाव असेल ते जसेच्या तसे ठेवावे, आणि स्वतःच्या क्षेत्रकार्याचे ठिकाण आजच्या नावाने सांगावे.

खुद्द भद्रावतीचे उदाहरण घ्यावे. जुन्या इंग्रजी अहवालांत हे गाव भांदक या नावाने येते. 'भद्रावती' एवढेच लिहिले तर कर्नाटकात, शिवमोग्गा जिल्ह्यात, लोखंडाच्या कारखान्यामुळे प्रसिद्ध झालेले दुसरे भद्रावती आहेच. म्हणून येथील विजासन लेण्यांविषयी किंवा येथील बोलीविषयी लिहिणाऱ्याने सूचक शब्दांत 'भद्रावती', 'भांदक' आणि 'चंद्रपूर जिल्हा' ही तिन्ही नावे दिली तरच जुना आणि नवा असे दोन्ही प्रकारचे वाचक त्याच्यापर्यंत पोहोचतील.

'झाडीबोली' हे नाव 'जंगलातील बोली' असे अनुवादित करणे म्हणजे विशेषनामाचे वर्णन करून टाकणे होय. ते तसेच राखावे. पण रोमन लिपीत झ कधी 'झेड्'ने, कधी 'जे-एच्'ने लिहितात, आणि 'झाडी बोली' असे दोन शब्दही करतात. त्यांपैकी एक रूप शीर्षकात व सारात वापरून इतर रूपे सूचक शब्दांत पर्याय म्हणून द्यावीत. एकरूपतेचा नियम मजकुराला लागू आहे. सूचक शब्दांचे काम शोधणाऱ्याला वाट दाखविण्याचे असल्यामुळे तेथे पर्यायी रूपांना जागा असावी.

३. ब्लॉक १९४१

आता कंसातील मधला आधार पाहू. झ्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या घडणीवरील ग्रंथ फ्रेंचमध्ये १९२० साली प्रसिद्ध झाला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी केलेले त्याचे मराठी भाषांतर 'मराठी भाषेचा विकास' या नावाने १९४१ साली निघाले. पुढे देवराज चानना यांचे इंग्रजी भाषांतर १९७० साली आले. मराठीतून प्रबंध लिहिणारा विद्यार्थी स्वाभाविकपणे परांजप्यांचे पुस्तक वाचतो आणि 'ब्लॉक १९४१' असा निर्देश करतो. सार इंग्रजीत नेताना त्याला वाटते की इंग्रजी वाचकाला इंग्रजी आवृत्तीच दाखवावी, आणि तो '१९४१' खोडून '१९७०' लिहितो. पृष्ठांक दिला असेल तर तो मात्र परांजप्यांच्या पुस्तकातलाच राहतो. असा निर्देश दिसायला निर्दोष असतो, परंतु त्या पृष्ठावर ते विधान सापडत नाही.

नियम सोपा आहे : जे पुस्तक वाचले त्याचा निर्देश करावा. ए. पी. ए. पद्धतीत भाषांतरित ग्रंथासाठी मूळ आणि भाषांतराचे वर्ष तिरक्या रेषेने जोडून देतात, म्हणजे 'ब्लॉक, १९२०/१९४१' असे. एवढ्याने दोन गोष्टी साधतात. मत १९२० चे आहे हे कळते, आणि ते कोणत्या पुस्तकात वाचले हेही कळते. नुसते १९४१ लिहिले तर स्वनिमाची संकल्पना रुळल्यानंतर ब्लॉक यांनी हे लिहिले असा गैरसमज होऊ शकतो, आणि वर्णविषयक चर्चेत तो गैरसमज महागात पडतो. ज्या ग्रंथातील परिच्छेद क्रमांकित असतात, तेथे पृष्ठाऐवजी परिच्छेदाचा क्रमांक द्यावा. ब्लॉक यांचा मूळ ग्रंथ अशा क्रमांकित परिच्छेदांचा आहे. पृष्ठे आवृत्तीबरोबर बदलतात. परिच्छेदक्रमांक भाषांतरातही राखले गेले असल्यास कोणत्याही भाषेची प्रत हाती असलेला वाचक त्या स्थळी पोहोचतो. ते राखले आहेत की नाही हे मात्र प्रत उघडून पाहिले पाहिजे.

नावाचा प्रश्न याहून नाजूक आहे. देवनागरीतील 'ब्लॉक' पाहून रोमन लिपीत परत जाणारा भाषांतरकार शेवटी 'सी-के' लिहितो, आणि असा ग्रंथकारच नसल्यामुळे निर्देश हवेत राहतो. मूळ नावाच्या शेवटी 'सी-एच्' आहे. ते बरोबर लिहिले तरी आद्याक्षर गाळले तर दुसरा धोका आहे, कारण बर्नार्ड ब्लॉक हे अमेरिकन भाषाशास्त्रज्ञही त्याच आडनावाचे आणि त्याच क्षेत्रातले. स्वनिमावरील त्यांचे लेखन प्रसिद्ध आहे. आमच्या नमुन्याचा विषयही तोच असल्यामुळे परक्या वाचकाची पहिली समजूत तीच होईल. तात्पर्य, परदेशी नाव कानाने परत नेऊ नये, मूळ ग्रंथाच्या मुखपृष्ठावरून उतरून घ्यावे. आपल्याकडची नावेही यातून सुटत नाहीत. 'कालेलकर' एवढ्यावरून ना. गो. की काकासाहेब हे मराठी वाचक संदर्भाने ओळखतो, परक्याला ते शक्य नाही.

४. संदर्भसूची

प्रबंधसारात शक्यतो निर्देश नसावेतच, कारण सार मूळ प्रबंधापासून सुटा होऊन हिंडतो आणि त्याच्यामागे सूची जात नाही. सारात निर्देश टाळता येत नसेल तर ग्रंथाचे नाव व वर्ष मजकुरातच सांगावे. परंतु नोंदणीच्या वेळी दिल्या जाणाऱ्या आराखड्याला सूची लागते, आणि त्याचे इंग्रजी रूप करताना पुढील गोष्टी बिघडतात.

पहिली गोष्ट क्रमाची. मराठी सूचीत कालेलकर, ग्रियर्सन, परांजपे, ब्लॉक असा क्रम लागतो. रोमन लिपीत ब्लॉक सर्वांत आधी येतो आणि ग्रियर्सन कालेलकरांच्या आधी जातो. ओळीमागून ओळ भाषांतरित करणाऱ्याची सूची अशी विस्कटलेली राहते. क्रम बदलला की एकाच लेखकाच्या एकाच वर्षातील ग्रंथांना दिलेली अ, ब ही उपाक्षरेही पुन्हा तपासावी लागतात, कारण ती बहुधा शीर्षकांच्या वर्णक्रमाने दिलेली असतात आणि तो क्रमही लिपीबरोबर बदलतो. सूचीत उपाक्षर बदलले आणि मजकुरात तेच राहिले, तर निर्देश दुसऱ्याच ग्रंथाकडे जातो.

दुसरी गोष्ट शीर्षकांची. 'भाषा : इतिहास आणि भूगोल' या कालेलकरांच्या पुस्तकाचे नाव केवळ इंग्रजी अर्थाने दिले तर त्या नावाचे पुस्तक कोणत्याही ग्रंथालयात मिळणार नाही. प्रथम मूळ शीर्षक रोमन लिपीत, त्यानंतर चौकोनी कंसात त्याचा इंग्रजी अर्थ, असा क्रम ठेवावा. कंसातील अर्थ वाचकाच्या सोयीसाठी असतो, नाव म्हणून नव्हे. प्रकाशनसंस्थेच्या नावाचा अर्थ करूच नये. 'मौज' या नावाचा अर्थ लावणाऱ्या सूचीने मराठीतील एका मान्यवर प्रकाशनगृहाला करमणुकीचे दुकान करून टाकल्यासारखे होते.

तिसरी गोष्ट वर्षांची. जुन्या मराठी पुस्तकांवर कित्येकदा केवळ शके दिलेला असतो. त्यात ७८ मिळविले की इसवी सन येतो हे सर्वांना पाठ असते. पण शकवर्ष चैत्रात सुरू होते, म्हणून शके १८६२ हे १९४० च्या वसंतापासून १९४१ च्या वसंतापर्यंत चालते. महिना माहीत नसेल तर '१९४०–४१' असे लिहावे. एकच वर्ष ठामपणे लिहिल्याने नसलेली अचूकता दाखविली जाते.

५. तपासणी

हे दोष कसे ओळखावेत? लेखकाने स्वतः पुन्हा पुन्हा वाचून ते सापडत नाहीत, कारण त्याच्या मनात मूळ अर्थ हजर असतो आणि तो इंग्रजीतील उणीव भरून काढतो. प्रबंध न वाचलेल्या सहाध्यायाला केवळ इंग्रजी सार द्यावा आणि त्याच्याकडून मराठी करवून घ्यावा. 'फोनीम'च्या जागी त्याने 'अक्षर' लिहिले, 'नागपुरी' वाचून झारखंडाचा उल्लेख केला, किंवा ळ च्या ठिकाणी ल लिहिला, की दोष कोठे आहे ते उघड होते. निर्देशांसाठी दोन्ही बाजूंनी मोजणी करावी : मजकुरातील प्रत्येक निर्देशासमोर सूचीतील नोंद, आणि सूचीतील प्रत्येक नोंदीसमोर मजकुरातील निर्देश. एकही उरला तर कोठे तरी नाव किंवा वर्ष दोन रूपांत लिहिले गेले आहे असे समजावे.

या तपासणीनंतर आमच्या नमुन्याचे काय करावे? अनुभव असा की इंग्रजी सुधारण्याचा प्रयत्न सोडून मूळ मराठीकडे परत यावे लागते. ते पुढीलप्रमाणे लिहिता येईल :

'प्रस्तुत प्रबंधात चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत बोलल्या जाणाऱ्या झाडीबोलीच्या स्वनिमांचा अभ्यास केला आहे. प्रमाण मराठीतील ज्या शब्दांत ळ हा मूर्धन्य पार्श्विक आहे त्या शब्दांत या बोलीत र आढळतो, आणि ळ व र यांच्या भेदाने वेगळे होणारे शब्द या बोलीत नाहीत. ही व्यवस्था ग्रियर्सन यांच्या सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) वर्णिलेल्या नागपुरी मराठीशी ताडून पाहिली आहे.'

हे वाक्य लिहिण्यापूर्वी संशोधकाला एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते : 'गळ' आणि 'गर' यांसारख्या जोड्या त्याने खरोखर भाषकांना विचारल्या होत्या का? विचारल्या नसतील तर मधला भाग गाळून केवळ तुलनेचे विधान ठेवावे लागेल, आणि प्रबंधाचा दावा तेवढ्याने लहान होईल. मूळ मराठी नमुन्यात हा प्रश्न दडून राहिला होता आणि मार्गदर्शकाच्याही नजरेतून सुटला असता. इंग्रजी पर्याय निवडण्याची वेळ आली तेव्हा तो वर आला. म्हणून प्रबंधसाराचे भाषांतर शेवटच्या आठवड्यावर न टाकता प्रकरणांचे लेखन चालू असतानाच करून पाहावे, म्हणजे जोड्या विचारण्यासाठी ब्रह्मपुरीला किंवा आरमोरीला पुन्हा जाण्यास अवधी राहील.